डिलीट केलेली फाइल डिस्कवरच असते: लॅपटॉप किंवा पेन ड्राइव्ह देण्याआधी डेटा खरोखर कसा पुसायचा

जुना लॅपटॉप विकायचा ठरला की बहुतेक जण ठरलेल्या क्रमाने जातात. Documents आणि Desktop वरचं सगळं सिलेक्ट करून Shift+Delete, मग जमल्यास एक क्विक फॉरमॅट, आणि लॅपटॉप गिऱ्हाइकाच्या हातात. यातल्या एकाही पायरीने फाइलमधला मजकूर जागचा हललेला नसतो. शिवाय हा क्रमच उलटा आहे, कारण आधी डिलीट करून बसलात की नंतरची काही कामं अवघड होतात. खाली विंडोज लॅपटॉप धरून पूर्ण रीत दिली आहे. उदाहरणासाठी एका कर सल्लागाराच्या ऑफिसातलं सामान घेऊ: ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क असलेला जुना लॅपटॉप, २५६ जीबी एसएसडीचा नवा लॅपटॉप आणि १६ जीबीचा एक पेन ड्राइव्ह. तिन्हींवर अशिलांची पॅन कार्डं, बँक स्टेटमेंटं, रिटर्नच्या प्रती आहेत, आणि तिन्हींची रीत वेगवेगळी आहे.

## डिलीट दाबल्यावर नेमकं काय होतं

डिस्कवर दोन गोष्टी असतात, फाइलचा मजकूर आणि त्या मजकुराची नोंद. नाव, आकार, मजकूर कुठे पडला आहे, हे सगळं नोंदीत असतं. डिलीट केल्यावर बदलते ती नोंद. सातबाऱ्यावरचं नाव खोडलं म्हणून शेतातलं पीक नाहीसं होत नाही, तसंच हे. ती जागा 'मोकळी' म्हणून लिहिली जाते आणि दुसरी एखादी फाइल नेमकी तिथेच येऊन बसेपर्यंत जुना मजकूर तसाच राहतो. ती फाइल उद्या येईल किंवा चार वर्षांत येणारही नाही.

रिसायकल बिन तर याच्याही अलीकडची पायरी आहे. तिथे फाइल फक्त दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली जाते. बिन रिकामी केल्यावर विंडोजची एनटीएफएस फाइल सिस्टीम त्या फाइलच्या नोंदीवर 'वापरात नाही' अशी खूण करते.

पेन ड्राइव्हवर हे डोळ्यांनी बघता येतं. तो FAT32 मध्ये फॉरमॅट केलेला असेल आणि त्यावर PANCARD.PDF नावाची फाइल असेल, तर डिलीट करताना नोंदीतल्या नावाचं पहिलं अक्षर पुसून तिथे E5 हा बाइट लिहिला जातो. डिस्कवरचे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटर प्रोग्रॅममध्ये बघितलं की E5 च्या पुढे ANCARD PDF एवढं स्वच्छ वाचता येतं. मजकूर जिथे होता तिथेच असतो आणि त्याची सुरुवात %PDF या चार अक्षरांनी होते. फोटोरेकसारखी फुकट मिळणारी प्रोग्रॅम नोंदीकडे बघतच नाहीत. ती डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचतात आणि %PDF दिसलं की तिथून पीडीएफ उचलतात.

आधी हे करून बघा. एका बिनमहत्त्वाच्या पेन ड्राइव्हवर चार-पाच पीडीएफ टाका, डिलीट करा, मग फोटोरेक चालवा. परत मिळालेल्या फाइल दुसऱ्या डिस्कवर ठेवायला सांगा, नाहीतर त्या जुन्या मजकुरावरच लिहिल्या जातील. `recup_dir.1` नावाच्या फोल्डरमध्ये बहुतेक सगळ्या परत आलेल्या दिसतील. नावं गेलेली असतात, आतला मजकूर नाही. हा प्रयोग जरूर करा, कारण शेवटच्या टप्प्यात तपासणीसाठी हाच प्रोग्रॅम लागणार आहे.

## टप्पा १: डिस्क कोणत्या जातीची आहे ते ओळखा

सगळी रीत यावर ठरते, आणि हाच टप्पा लोक गाळतात. पॉवरशेल उघडून ही ओळ टाका:

```
Get-PhysicalDisk | Select FriendlyName, MediaType, BusType, Size
```

MediaType खाली HDD आलं तर फिरती हार्ड डिस्क, SSD आलं तर एसएसडी. BusType खाली NVMe किंवा SATA दिसेल, तेही लिहून ठेवा. काही लॅपटॉपमध्ये दोन्ही असतात: विंडोज छोट्या एसएसडीवर आणि डेटा मोठ्या हार्ड डिस्कवर. अशा वेळी फक्त C: पुसून D: तसाच सोडून दिलेले लॅपटॉप पुष्कळ असतात.

## टप्पा २: पुसण्याआधीची आवराआवर

आता लगेच डिलीट करायला बसू नका. आधी हवं ते काढून घ्यायचं. Documents आणि Desktop एवढ्यावर थांबू नका. टॅलीचा डेटा बहुधा वेगळ्याच फोल्डरमध्ये असतो, त्याचा पत्ता टॅली उघडून तिथेच बघा. आउटलुकच्या pst फाइलही सहज राहून जातात. बॅकअप झाला असं मानण्याआधी तो दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि पाच-सहा फाइल उघडून बघा. नुसती नावं दिसली म्हणजे बॅकअप झाला असं नाही.

मग वनड्राइव्ह किंवा गुगल ड्राइव्हचं सिंक तोडा. वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये Unlink this PC असतं. हे न करता वनड्राइव्हच्या फोल्डरमधल्या फाइल डिलीट केल्यात, तर त्या क्लाउडवरूनही जातात आणि तुमच्या नव्या लॅपटॉपवरूनही. डेटा मागे राहण्याची भीती असते तिथे भलताच डेटा उडतो.

तपासा: सिंक तोडल्यावर फोनच्या ब्राउझरमधून क्लाउडवर जा आणि फाइल तिथे आहेत का बघा. असतील तरच पुढे.

## टप्पा ३: फिरती हार्ड डिस्क

इथे काम सरळ आहे. या डिस्कवर एखाद्या जागी नवं लिहिलं की जुनं जातं. म्हणून सगळ्या डिस्कवर एकदा शून्यं लिहिली की झालं. 'सात वेळा', 'पस्तीस वेळा' पुसण्याचा सल्ला अजून फिरत असतो. पस्तीसचा आकडा पीटर गुटमन यांच्या १९९६ च्या निबंधातला आहे, आणि तो तेव्हाच्या निरनिराळ्या जुन्या डिस्कांचा एकत्र विचार करून काढलेला होता. आजच्या डिस्कसाठी एक फेरी पुरते. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेची यावरची मार्गदर्शिकाही अनेक फेऱ्यांचा आग्रह धरत नाही. पस्तीस फेऱ्यांत वेळ जातो, जास्त काही पुसलं जात नाही.

ज्या विंडोजवर बसलो आहोत ती स्वतःला पुसू शकत नाही. त्यामुळे दोन मार्ग उरतात. डिस्क काढून साटा-यूएसबी केबलने दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडा. किंवा विंडोज इन्स्टॉल करायचा पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप त्यावरून सुरू करा आणि पहिल्याच स्क्रीनवर Shift+F10 दाबा. काळी कमांड खिडकी उघडेल. त्यात:

```
diskpart
list disk
select disk 1
detail disk
clean all
```

वरचा 1 हा फक्त नमुना आहे. `list disk` मध्ये आकार बघून आपला क्रमांक ठरवा. ५०० जीबीची डिस्क तिथे साधारण ४६५ जीबी दिसते. `detail disk` ने डिस्कचं नाव येतं, ते टप्पा १ मध्ये लिहिलेल्या नावाशी ताडून बघा आणि मगच शेवटची ओळ टाका.

इशारा: एंटर दाबल्यावर 'नक्की का?' असं diskpart विचारत नाही. बॅकअपची बाहेरची डिस्क या वेळी जोडलेली नसावी. ती आधी उपसून कपाटात ठेवा.

नेहमीची चूक: `clean` टाकायचं आणि `all` विसरायचं. नुसतं `clean` दोन सेकंदांत संपतं आणि डिस्क रिकामी दिसते, पण उडते ती फक्त विभागणीची नोंद. क्विक फॉरमॅटचंही तेच: नवी कोरी नोंदवही तयार होते आणि जुना मजकूर खाली तसाच. ओळखायची खूण वेळेची. ५०० जीबीच्या जुन्या डिस्कवर सेकंदाला सरासरी ८० एमबी लिहिले जातात असं धरलं, तरी पावणेदोन तास लागतात. जे काम मिनिटभरात संपलं त्याने ५०० जीबी लिहिलेले असू शकत नाहीत.

`clean all` चालू असताना टक्के, पट्टी काहीच दिसत नाही आणि खिडकी अडकल्यासारखी वाटते. चार्जर लावून ठेवा आणि हात लावू नका.

एक मर्यादा सांगायला हवी. डिस्कला स्वतःचा एखादा भाग खराब वाटला की ती तो बाजूला काढते आणि राखीव जागा वापरते. त्या बाजूला काढलेल्या भागात जुना मजकूर असेल, तर `clean all` तिथे पोचत नाही. घरगुती वापराला हा धोका नगण्य आहे. अशिलांचे कागद असतील आणि डिस्क आधीच खराब भागांची तक्रार करत असेल, तर ती विकू नका, फोडा.

### फक्त एकच फाइल पुसायची असेल तर?

हार्ड डिस्कवर मायक्रोसॉफ्टच्या एसडिलीट या छोट्या प्रोग्रॅमने ते करता येतं, पण त्यावर फार विसंबू नका. तो प्रोग्रॅम समोरची प्रत पुसतो. वर्डमध्ये प्रत्येक वेळी Save केलं की नवी फाइल लिहिली जाते आणि जुनी डिलीट होते, म्हणजे दिवसभर एका पत्रावर काम केलं तर त्याच्या कित्येक जुन्या प्रती मोकळ्या जागेत विखुरलेल्या असतात. त्यासाठी आधी फाइल नेहमीसारखी डिलीट करून रिसायकल बिन रिकामी करा आणि मग सगळी मोकळी जागा पुसा:

```
cipher /w:D:\
```

याने असलेल्या फाइलना धक्का लागत नाही. मात्र तीन फेऱ्या होतात, त्यामुळे मोठ्या डिस्कवर रात्रभर चालू ठेवायची तयारी ठेवा. आणि हे फक्त हार्ड डिस्कसाठी, कारण एसएसडीवर याचा भरवसा नाही.

## टप्पा ४: एसएसडी

इथे वरची सगळी रीत लंगडी पडते. एसएसडीतल्या फ्लॅश मेमरीत लिहिलेल्या जागेवर पुन्हा थेट लिहिता येत नाही. तो भाग आधी मोकळा करावा लागतो आणि प्रत्येक भाग ठरावीक वेळाच लिहून-पुसून होतो. म्हणून आतला कंट्रोलर हुशारी करतो. तुम्ही फाइलवर शून्यं लिहायला सांगता, तो ती शून्यं दुसऱ्याच कोऱ्या जागी लिहितो, आणि जुनी जागा 'सवडीने साफ करू' म्हणून बाजूला ठेवतो. शिवाय डिस्कवर दिसतो त्यापेक्षा जास्त फ्लॅश आत असतो, आणि तिथपर्यंत विंडोजचा हात पोचत नाही.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो इथल्या संशोधकांनी २०११ मध्ये चिप थेट वाचून हे तपासलं. एकेक फाइल पुसण्याच्या नावाजलेल्या सगळ्या पद्धती एसएसडीवर फसल्या. फाइलच्या मजकुराचा ४ ते ७५ टक्के भाग चिपमध्ये सापडला.

ट्रिम नावाची सोय थोडी मदत करते. फाइल डिलीट होताच विंडोज एसएसडीला 'ही जागा आता नको' असं कळवते. त्यानंतर साध्या रिकव्हरी प्रोग्रॅमला तिथे बहुधा शून्यंच दिसतात. पण चिपमधला मजकूर प्रत्यक्षात कधी साफ होईल ते कंट्रोलर ठरवतो, आणि यूएसबी केसमध्ये बसवलेल्या एसएसडीपर्यंत ट्रिमचा निरोप पुष्कळदा पोचतच नाही.

तेव्हा एसएसडीवर भरवशाचा मार्ग असा: डेटा कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा, असावा, आणि शेवटी पुसायचं काम कंट्रोलरलाच सांगावं. क्रम हाच ठेवा.

४.१ कूटबद्धतेची स्थिती बघा. कमांड प्रॉम्प्ट अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा:

```
manage-bde -status C:
```

दोन ओळी वाचा. Conversion Status पुढे Fully Encrypted असेल तर उत्तम. Used Space Only Encrypted असेल, तर बिटलॉकर, म्हणजे विंडोजची कूटबद्धतेची सोय, चालू केलं तेव्हा वापरात असलेली जागाच कूटबद्ध झाली, आणि त्याआधी डिलीट केलेल्या फाइलचा मजकूर मोकळ्या जागेत उघडा राहिला असू शकतो. आधी डिलीट आणि मग कूटबद्धता हा क्रम इथे अंगाशी येतो. तसं असेल तर मोकळी जागा पुसून घ्या:

```
manage-bde -w C:
```

दुसरी ओळ Protection Status. तिथे Protection Off असेल तर डेटा कूटबद्ध दिसला तरी किल्ली त्याच डिस्कवर उघडी ठेवलेली असते. नवे लॅपटॉप मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन न करता वापरले की ही स्थिती हमखास सापडते. कुलूप आहे आणि किल्ली त्यालाच लटकते आहे, असा हा प्रकार. Protection On होईपर्यंत त्याला संरक्षण म्हणू नका.

४.२ कंट्रोलरला पुसायला सांगा. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये Secure Erase किंवा तशा नावाचा पर्याय असतो, आणि एसएसडी बनवणाऱ्या कंपन्याही त्यासाठी प्रोग्रॅम देतात. असेल तर तोच वापरा. NVMe एसएसडी असेल आणि लिनक्सचा लाइव्ह पेन ड्राइव्ह चालवायची सवय असेल, तर:

```
sudo nvme list
sudo nvme format /dev/nvme0n1 --ses=1
```

पहिल्या ओळीने डिस्कांची यादी येते. नाव आणि आकार जुळल्याशिवाय दुसरी ओळ टाकायची नाही. २५६ जीबीला हे काम बहुधा मिनिटाच्या आत संपतं, आणि या वेळी वेग बघून शंका घेऊ नका. इथे शून्यं लिहिली जात नाहीत, सगळे फ्लॅशचे भाग एकदम मोकळे होतात. याच कारणाने एसएसडीवर `clean all` चालवणं दुय्यम पर्याय आहे. दिसणारी जागा पुसली जाते, राखीव जागेचा पत्ता नसतो.

४.३ एवढं जमणार नसेल तर विंडोजचं रिसेट वापरा: Settings, System, Recovery, मग Reset PC. तिथे Remove everything निवडल्यावर थांबा. पुढच्या स्क्रीनवर Change settings असतं, त्यात Clean data पुढे Yes करायचं. हे पान घाईत Next दाबून ओलांडलं जातं आणि मग नुसत्या फाइल डिलीट होतात. लॅपटॉपमध्ये दोन डिस्क असतील तर सगळ्या ड्राइव्हवरून पुसायचा पर्यायही इथेच आहे. आधीपासून नीट कूटबद्ध असलेल्या एसएसडीला एवढं पुरतं, कारण चिपमध्ये काही उरलं तरी ते किल्लीशिवाय वाचता येत नाही.

कधीच कूटबद्ध नसलेली एसएसडी ही अडचणीची जागा. आज बिटलॉकर चालू करून उद्या रिसेट केलं, तरी राखीव भागात पडलेल्या जुन्या प्रती उघड्याच असतील. तिथे ४.२ ला पर्याय नाही. नवा लॅपटॉप आला की पहिल्याच दिवशी, एकही फाइल टाकण्याआधी, कूटबद्धता चालू करायची ती यासाठी.

## टप्पा ५: पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड

यांत एसएसडीसारखाच फ्लॅश असतो, पण बहुतेकांत ट्रिम नाही आणि पुसायचा हुकूमही नाही. म्हणजे दोन्हीकडून अडचण. करता येतं ते इतकंच: फॉरमॅटच्या खिडकीत Quick Format ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट, आणि तोही दोनदा. सेकंदाला १० एमबी लिहिणाऱ्या १६ जीबीच्या ड्राइव्हला एका फेरीला अर्धा तास धरा. साध्या प्रोग्रॅमने मग काही मिळत नाही. तरी अशिलांचे कागद असलेला पेन ड्राइव्ह कुणाला देऊ नये, असं माझं मत आहे. त्याची किंमत ती काय असते!

आणि पेन ड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात जाता तेव्हा लक्ष ड्राइव्हवर असतं, तर फाइल राहते दुकानातल्या कॉम्प्युटरवर. व्हॉट्सअॅपवर पाठवलीत तर त्यांच्या Downloads मध्ये. तिथे समोर उभं राहून डिलीट करायला लावलं, तरी काय होतं ते वर सांगितलंच आहे. शक्य तेवढे ओळखपत्रांचे कागद घरी किंवा ऑफिसात छापा.

## टप्पा ६: तपासणी

हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्हवर फोटोरेक पुन्हा चालवा. या वेळी एकही फाइल मिळता कामा नये. हेक्स एडिटरमध्ये डिस्क फक्त वाचण्यासाठी उघडा आणि सुरुवात, मध्य, शेवट अशा ठिकाणी उड्या मारा. सगळीकडे 00 दिसायला हवं. मध्येच अक्षरं दिसू लागली तर `clean all` अर्ध्यावर तुटलं आहे, पुन्हा चालवा. पूर्ण फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हच्या सुरुवातीला थोडी अक्षरं दिसतील. ती नव्या नोंदवहीची आहेत, त्यांची काळजी नको.

एसएसडीवर हीच तपासणी अर्धवट खरी. शून्यं दिसली म्हणजे कंट्रोलर शून्यं दाखवतो आहे, एवढंच कळतं. सॅन डिएगोच्या त्याच तपासणीत एका एसएसडीने 'पुसलं' असं कळवलं आणि मजकूर तसाच ठेवला होता. म्हणून कूटबद्धता आधी आणि पुसायचा हुकूम नंतर, ही जोडी तोडू नका. एक चुकलं तर दुसरं असतं.

## डिस्क चालूच होत नसेल तर

बंद पडलेल्या डिस्कवर कोणताही प्रोग्रॅम चालत नाही, पण तिचा मजकूर जिवंत असू शकतो. बिघाड बऱ्याचदा सर्किटमध्ये असतो. अशी डिस्क भंगारात देण्याआधी फोडावी लागते. हार्ड डिस्कचं झाकण उघडून आतल्या चकचकीत तबकड्या वाकवा किंवा फोडा. काही तबकड्या काचेच्या असतात आणि त्यांचे तुकडे उडतात, त्यामुळे डिस्क जाड कापडात गुंडाळून मगच हातोडा घाला आणि डोळ्यांवर चष्मा हवा. एसएसडी आणि पेन ड्राइव्हमध्ये बोर्ड मधोमध मोडून भागत नाही. काळ्या चौकोनी चिपमध्ये डेटा असतो, आणि अखंड राहिलेली एकेक चिप काढून वाचता येते. प्रत्येक चिपला तडा गेलेला दिसेपर्यंत ठोका, मग उरलेलं ई-कचऱ्यात द्या.